कुलूपबंद फोन आणि खानावळीचं गेट : प्रकल्प नोंदी

14 जून 2025, शनिवार

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका वसतिगृहाच्या खानावळीचं काम आलं. दुपारी एकच्या सुमाराला दारात पोरांची झुंबड उडते. सध्या कागदी कुपनं आहेत. मधे त्यांनी क्यूआर कोड करून पाहिला, पण फोन उघडा, ॲप शोधा, स्क्रीनचा उजेड वाढवा, यात रांग आणखी लांबली. मालकांचं म्हणणं अगदी साधं आहे: "पोराच्या एका हातात ताट असतंय. दुसऱ्या हातानं फोन गेटला लावला की गेट फिरायला पाहिजे आणि खात्यावर सत्तर रुपये पडायला पाहिजेत. फोन उघडत बसायला लावू नका."

गेट म्हणजे तीन दांड्यांचं फिरतं गेट. ते उद्यमनगरात आपल्या शेजारचे अण्णा करून देणार आहेत. रीडर, कंट्रोलर आणि फोनमधलं ॲप आपल्याकडे.

माझ्याबरोबर काम करणाऱ्या सागरनं लगेच शंका काढली. "दादा, फोन उघडायचाच नाही म्हणजे खिशातल्या फोनवरनं कोणीही पैसे काढंल की." शंका रास्त आहे. तिचं उत्तर मिळाल्याशिवाय दर सांगायचा नाही असं ठरलं.

15 जून, रविवार

ओंकार लंडनहून महिन्याच्या सुट्टीवर आलाय. जेवताना सहज विषय काढला, तर तो म्हणाला, "मामा, तिथं ट्यूबच्या, म्हणजे मेट्रोच्या, गेटला आम्ही फोन उघडतच नाही. खिशातनं काढायचा, पिवळ्या गोलावर ठेवायचा, गेट उघडतं. सेटिंगमध्ये एक्सप्रेस कार्ड म्हणून एक कार्ड निवडून ठेवलंय, बस."

मी विचारलं, मग दुकानात? "दुकानात त्याच फोनवर तेच कार्ड चेहरा मागतं."

हे ऐकून मी घास हातात धरून बसलो. फोन तोच आणि कार्डही तेच. दुकानातलं मशीन आणि स्टेशनातलं गेट दोन्ही 13.56 मेगाहर्ट्झवरच बोलतात. तरी फोनला कळतं की समोर गेट आहे, दुकान नाही. तेही कुलूप न उघडता आणि इंटरनेट नसताना, कारण जमिनीखाली रेंज नसली तरी चालतं असं तो सांगतो. फोनला हे कशावरून कळतं, एवढा एक प्रश्न घेऊन बसलो तर आपल्या गेटचंही कोडं सुटेल असं वाटतंय.

17 जून, मंगळवार

दोन दिवस वाचन केलं. उत्तर सापडलं आणि ते वाटलं होतं त्यापेक्षा साधं निघालं.

कुठलाही एनएफसी रीडर मोकळा असताना सारखा हाका मारत असतो. शेत चालू करतो (शेत म्हणजे रीडरच्या अँटिनाभोवतीचं चुंबकीय क्षेत्र), "ए प्रकारचं कार्ड आहे का?" म्हणून एक छोटा संदेश सोडतो, थोडं थांबतो, मग "बी प्रकारचं आहे का?" असं विचारतो, आणि पुन्हा पहिल्यापासून. याला पोलिंग म्हणतात. ए प्रकारची हाक फक्त सात बिटांची असते, 26 किंवा 52 या आकड्याची.

लंडनचं गेट या नेहमीच्या हाकांच्या आधी आणखी एक संदेश सोडतं. तो कुठल्याच कार्डासाठी नसतो. साधं कार्ड त्याच्याकडे दुर्लक्ष करतं, कारण तो त्याला ओळखीचा नाही. फोन मात्र तो ऐकतो. संदेश असा:

```
6A 02 C8 01 00 03 00 02 79 00 00 00 00
```

यामागून तपासणीचे दोन बाइट लागतात, म्हणजे एकूण पंधरा. उलगडा करणाऱ्यांनी अर्थ असा लावलाय: 6A ही सुरुवातीची खूण, 02 आवृत्ती, C8 नंतरचा 01 म्हणजे "मी प्रवासाचं गेट आहे", 03 00 02 ही लंडनच्या वाहतूक व्यवस्थेची ओळख, आणि 79 पासून पुढे कोणकोणत्या कंपन्यांची बँक कार्डं इथे चालतात त्याची यादी. ॲपलनं या पद्धतीला दिलेल्या नावाचा अर्थ साधारण "वाढीव पोलिंग" असा होतो.

फोनमधला एनएफसी कंट्रोलर हा संदेश ओळखतो, एक्सप्रेस म्हणून निवडलेलं कार्ड पुढे करतो आणि मालकाची परवानगी विचारत नाही. दुकानातलं मशीन हा संदेश सोडत नाही, म्हणून तिथे चेहरा मागितला जातो. फरक इतकाच.

जपानात याची गरजच पडली नव्हती. तिथली रेल्वेची कार्डं फेलिका नावाच्या वेगळ्या प्रकारची आहेत आणि गेट हाक मारतानाच 0003 हा व्यवस्थेचा क्रमांक घेऊन विचारतं, म्हणजे हाकेतच ओळख आली. मोबाइल सुइका 2006 पासून आहे आणि आयफोनवर ती 2016 मध्ये आली. युरोप-अमेरिकेत मात्र गेटवर नेहमीची बँक कार्डं घ्यायची होती. ती दुकानातही तीच आणि गेटवरही तीच, म्हणून वेगळी हाक घालावी लागली.

मला एक गोष्ट खटकली ती लिहून ठेवतो. हा संदेश उघड्यावर बोललेला आहे. त्यावर सही नाही, किल्ली नाही. एकदा ऐकला की कोणीही तसाच्या तसा बोलू शकतं. म्हणजे फोनकडे समोर गेट असल्याचा पुरावा काही नाही, त्याला फक्त तसं सांगितलं जातंय. मग पैसे सुरक्षित कशावर?

19 जून, गुरुवार

ओंकारला वर्कशॉपवर बोलावलं. सागरनं टेबलावर एनएफसी रीडरचा पीएन532 बोर्ड मांडला. हा बोर्ड नेहमीच्या हाका आपण होऊन मारतो. वेगळा संदेश सोडायचा तर `InCommunicateThru` ही आज्ञा वापरून कच्चे बाइट पाठवावे लागतात.

आधी फोन कुलूप लावून, वेगळा संदेश न सोडता ठेवला. स्क्रीन उजळली, कार्डाचं चित्र आलं, आणि चेहरा मागून फोन थांबला. दुकानात होतं तसंच.

मग संदेश सोडून ठेवला. तरी तेच. तीनदा केलं, तीनदा तेच. सागर म्हणाला भारतात चालत नसेल. मला पटेना, कारण यात देशाचा काही संबंध येत नाही, फोन कुणाला विचारायला जात नाही. कागदावर बाइट मोजले. आपण तेराच पाठवत होतो. तपासणीचे दोन बाइट बोर्डनं आपोआप जोडावेत अशी आमची समजूत होती, पण `0x6302` या रजिस्टरमधला वरचा बिट बंद होता. तो चालू केला आणि पुन्हा पाठवलं.

या संदेशाला फोन काहीच उत्तर देत नाही, त्यामुळे बोर्ड "वेळ संपली" अशी चूक दाखवतो. ती चूक नव्हे, तसंच व्हायला हवं. लगेच पाठोपाठ नेहमीची हाक मारली. या वेळी चेहरा न मागता फोन कार्ड म्हणून बोलायला लागला. मग पैशाच्या कार्डाला विचारतात तो पहिला प्रश्न विचारला:

```
00 A4 04 00 0E 32 50 41 59 2E 53 59 53
2E 44 44 46 30 31 00
```

अक्षरांत वाचलं तर हे `2PAY.SYS.DDF01` आहे, म्हणजे "तुझ्याकडे कोणती पैशाची कार्डं आहेत?" उत्तरात `A0000000041010` आलं आणि शेवटी `90 00`. हा मास्टरकार्डचा क्रमांक आहे आणि ओंकारचं कार्ड मास्टरकार्डच आहे. फोन टेबलावर कुलूपबंद पडलेला, इमारतीबाहेर पाऊस, आणि कोल्हापुरातल्या एका बोर्डाला तो लंडनचं गेट समजून उत्तर देत होता.

इथेच थांबलो. यापुढचा प्रश्न रकमेचा असतो. तो दुसऱ्याच्या बँक कार्डाला विचारायचा नाही, घरचा माणूस असला तरी.

21 जून, शनिवार

ओंकार म्हणाला की बॅटरी संपली तरी गेट उघडतं. तेही करून पाहिलं. रात्रभर व्हिडिओ लावून फोन संपवला. सकाळी बाजूचं बटण दाबलं तर रिकाम्या बॅटरीचं चित्र आणि खाली एक्सप्रेस कार्डं उपलब्ध असल्याची ओळ. बोर्डावर ठेवला, संदेश सोडला, उत्तर आलं. स्क्रीनवर काही दिसलं नाही.

मग चार्ज करून फोन आपण होऊन बंद केला, मेनूतून. या वेळी काहीच उत्तर नाही. ॲपलच्या माहितीतही हेच लिहिलंय: बॅटरी संपून फोन झोपला तर राखीव चार्जवर ही सोय पाच तासांपर्यंत मिळते, पण मालकानं हातानं बंद केला तर मिळत नाही. ही सोय 2018 च्या आयफोन एक्सएस आणि एक्सआरपासून पुढे आहे.

हे शक्य होतं कारण कार्ड फोनच्या मुख्य प्रोसेसरमध्ये नसतंच. ते सिक्युअर एलिमेंट नावाच्या वेगळ्या चिपमध्ये असतं आणि ती एनएफसी कंट्रोलरला थेट जोडलेली असते. या दोघांना चालायला फार थोडी वीज लागते. मुख्य प्रोसेसर उठलाच नाही तरी व्यवहार होतो. ही गोष्ट आपल्या ॲपसाठी महत्त्वाची आहे. आपलं ॲप मुख्य प्रोसेसरवरच चालणार, म्हणून खानावळीत बॅटरी संपलेल्या फोनवर जेवण मिळणार नाही. मालकांना हे आधी सांगायचं.

24 जून, मंगळवार

फोन जागा झाल्यावर लंडनच्या गेटवर पुढे काय होतं ते आज नीट समजून घेतलं. 17 तारखेच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे.

गेटवर भाडं कापलं जात नाही. माणूस कुठे उतरणार हे गेटला ठाऊकच नसतं, त्यामुळे कापणार किती? गेट फक्त कार्ड खरं आहे का ते पाहतं. कार्ड गेटनं दिलेल्या आकड्यावर सही करतं, ती सही कार्ड कंपनीच्या किल्लीपर्यंत जुळते का ते गेट जागच्या जागी तपासतं, बुडव्या कार्डांच्या यादीत हे कार्ड नाही ना ते बघतं, आणि उघडतं. बँकेला विचारायला वेळ नसतो. लंडनवाल्यांनी या सगळ्यासाठी अर्धा सेकंद धरलेला आहे. दिवसभराच्या चढ-उताराच्या नोंदी मागे एकत्र होतात, भाडं ठरतं, आणि मग एकच रक्कम बँकेकडे जाते. बँकेनं नकार दिला तर कार्ड यादीत जातं आणि पुढच्या वेळी गेट उघडत नाही.

यातूनच एक अडचण निघते. ओंकारलाही एकदा तिचा फटका बसला होता. फोनमधल्या कार्डाचा क्रमांक हा प्लास्टिकच्या कार्डावरच्या क्रमांकापेक्षा वेगळा असतो, आणि स्मार्ट घड्याळातला आणखी वेगळा. आत जाताना घड्याळ लावलं आणि बाहेर येताना फोन लावला, तर मागच्या हिशेबाला ते दोन वेगळे प्रवासी दिसतात. दोघांचे प्रवास अर्धवट, आणि अर्धवट प्रवासाला सगळ्यात जास्त भाडं लागतं. जे आत लावलं तेच बाहेर लावायचं, हा साधा नियम आहे.

28 जून, शनिवार

सागरची पहिल्या दिवशीची शंका आज पुन्हा काढली, कारण तिला पक्का आधार सापडला.

2021 मध्ये बर्मिंगहॅम आणि सरे विद्यापीठांतल्या संशोधकांनी दाखवून दिलं की कुलूपबंद आयफोनमधून, कार्ड व्हिसाचं आणि एक्सप्रेसला लावलेलं असेल तर, साध्या दुकानी मशीनवर हजार पौंड काढता येतात. फोन आणि दुकानी मशीन यांच्या मधे त्यांनी आपली उपकरणं बसवली. एक उपकरण फोनशी गेट होऊन बोलतं आणि दुसरं मशीनशी कार्ड होऊन बोलतं.

पहिली पायरी म्हणजे आम्ही 19 तारखेला केलं तेच, पंधरा बाइट बोलून फोन जागा करणं. पण तेवढ्यानं पैसे जात नाहीत. दुसरी पायरी अशी: मशीन आपली कुवत सांगणारे काही बिट फोनला पाठवतं. प्रवासाचं गेट आणि दुकानी मशीन यांच्यात तिथे फरक असतो. मधल्या उपकरणानं ते बिट बदलून "मी गेटासारखं सही तपासणारं मशीन आहे" असं फोनला भासवलं. तिसरी पायरी, रक्कम मोठी असेल तर मशीनला मालकानं फोनवर ओळख पटवल्याचं हवं असतं. फोनच्या उत्तरातला तो एक बिट मधल्या उपकरणानं "पटवली" असा करून पुढे पाठवला. बँकेनं पैसे सोडले.

हे का जमलं, यात आपल्या कामाचा गाभा आहे. फोननं निर्णय घेतला तो ज्या बिटांवरून, आणि मशीननं निर्णय घेतला तो ज्या बिटांवरून, ते वाटेत बदलले तरी कुणाला कळलं नाही, कारण शेवटची सही त्यांना बांधून ठेवत नव्हती. मास्टरकार्डवर हाच प्रकार चालला नाही. तिथे कुलूपबंद असताना व्यापाऱ्याचा वर्ग सांगणारा कोड पाहिला जातो आणि तो वाहतुकीचा नसेल तर व्यवहार होत नाही. सॅमसंगच्या फोनमध्ये कुलूपबंद असताना फक्त शून्य रकमेला होकार मिळतो. लंडनच्या गेटवर रक्कम शून्यच असते, त्यामुळे प्रवाशाचं काही अडत नाही. मला हा सॅमसंगचा मार्ग सगळ्यात भक्कम वाटतो. हाक कुणीही मारू दे, फोनकडून मिळणार शून्यच.

म्हणून सागरला उत्तर असं: हाक फक्त दार कोणतं ते सांगते. पैशाचं रक्षण पुढच्या सहीत काय काय बांधलंय त्यावर आहे.

3 जुलै, गुरुवार

ॲपचं काम सुरू. अँड्रॉइड 15 पासून अशी सोय आहे की फोन रीडरच्या हाका ऐकत राहतो पण स्वतः गप्प बसतो, आणि ओळखीची हाक आली तरच उत्तर द्यायला सुरुवात करतो. आपली स्वतःची हाक ठरवली, `4B4F4C48` म्हणजे अक्षरांत KOLH. नोंदणी अशी:

```
cardEmulation.registerPollingLoopPatternFilterForService(
    service, "4B4F4C48.*", true)
```

शेवटच्या `true` चा अर्थ, हाक जुळली की गप्प राहणं आपोआप संपव आणि व्यवहार होऊ दे.

पहिल्या फोनवर `isObserveModeSupported()` नं `false` दिलं. आवृत्ती 15 आहे, पण आतल्या एनएफसी चिपला हे जमत नाही. दुसऱ्या फोनवर जमलं, पण कुलूप लावल्यावर सगळं बंद पडलं. ॲप समोर उघडं असेल किंवा ते फोनचं डिफॉल्ट वॉलेट असेल, तरच अशी गप्प राहण्याची परवानगी मिळते. पोरांना आपल्या खानावळीसाठी वॉलेट बदलायला सांगणं शक्य नाही.

संध्याकाळी चहा घेताना डोक्यात प्रकाश पडला. आपल्याला ही हाक लागतच नाही! लंडनला ती लागली कारण एकच बँक कार्ड दुकानातही चालायचं होतं आणि गेटवरही. आपल्या कार्डाचा क्रमांक आपणच ठरवतो, `F04B4F4C4801`. हा क्रमांक खानावळीच्या गेटाशिवाय दुसरं कुठलंही मशीन विचारणार नाही. म्हणजे जे काम तिथे हाकेनं होतं ते इथे क्रमांकानंच होतं. शिवाय ही पद्धत जुन्या अँड्रॉइडवरही चालते. मांडणीच्या फाइलमध्ये फक्त एवढं हवं:

```
android:requireDeviceUnlock="false"
android:requireDeviceScreenOn="false"
```

दुसरी ओळ अँड्रॉइड 12 पासून पुढे चालते. त्याआधीच्या फोनवर निदान स्क्रीन उजळावी लागेल, कुलूप नाही उघडलं तरी चालेल. आयफोनवर भारतात असं ॲप चालवता येत नाही, त्या पोरांना साधं कार्ड द्यायचं.

पंधरा दिवस हाकेचा अभ्यास केला आणि हाकच काढून टाकली. पण अभ्यास केला नसता तर कशासाठी काढतोय ते कळलं नसतं.

9 जुलै, बुधवार

आज मोठी चूक सापडली. सागरनं शोधली, त्याचं नाव लिहून ठेवतो.

आमची बोलणी अशी ठरली होती. गेट फोनला आठ बाइटांचा एक नवा आकडा आणि रक्कम पाठवतं. फोन रक्कम पाहतो. शून्य असेल, म्हणजे महिन्याचे पैसे भरलेत आणि फक्त हजेरी आहे, तर कुलूप असतानाही उत्तर देतो. सत्तर असेल तर बोट लावून फोन उघडायला सांगतो. उत्तर म्हणजे त्या आकड्यावर गुप्त किल्लीनं काढलेली खूण. गेट तीच खूण स्वतः काढून जुळवून बघतं.

सागरनं दोन बोर्ड आणि लॅपटॉप घेऊन मधला माणूस उभा केला. गेटनं "आकडा हा, रक्कम 70" असं विचारलं. लॅपटॉपनं फोनला तोच आकडा पण "रक्कम 0" असं पाठवलं. फोन कुलूपबंद, खिशात. रक्कम शून्य दिसली म्हणून त्यानं बिनतक्रार खूण काढून दिली. लॅपटॉपनं ती गेटला पोचवली. खूण जुळली, गेट फिरलं, आणि माझ्या खात्यावर सत्तर रुपये लागले. जेवला सागर, पैसे माझे.

28 तारखेला व्हिसाच्या प्रकरणाबद्दल मी जे लिहिलं, नेमकी तीच चूक. फोननं निर्णय घेतला रकमेवरून, पण खुणेत रक्कम नव्हती, फक्त आकडा होता. दुरुस्ती एका ओळीची आहे. खूण आता आकडा, रक्कम आणि गेट क्रमांक या तिन्हींवर मिळून काढायची:

```
HMAC(key, challenge || amount || gateId)
```

पुन्हा तोच खेळ केला. फोननं 0 धरून खूण काढली, गेटनं 70 धरून काढली, दोन्ही जुळेनात, गेट जागचं हललं नाही.

एक गोष्ट यानंही थांबत नाही. मधली उपकरणं काहीही न बदलता नुसता निरोप लांब पोचवत असतील, तर रंकाळ्यावर बसलेल्या पोराच्या खिशातला फोन इथलं गेट उघडू शकतो. उत्तराला लागणारा वेळ मोजून काही अंशी हे पकडता येतं, पण आपल्या टेबलावर कुलूपबंद फोन कधी पाव सेकंदात उत्तर देतो, कधी झोपेतून उठायला पाऊण सेकंद घेतो. एवढ्या फरकात लांबचा निरोप सहज लपून जाईल. म्हणून वेळेवर विसंबायचं नाही. त्याऐवजी नुकसानच छोटं ठेवायचं: कुलूपबंद असताना फक्त शून्याची हजेरी, आणि एका फोनवर एका जेवणवेळेत एकदाच.

मालकांना मूळ हवं होतं की सत्तर रुपयेही न उघडता जावेत. त्यांना आज फोनवर समजावून सांगितलं. ते म्हणाले, "महिन्याचं भरणारी पोरंच जास्त हाईत, रोजच्या रोज देणारी थोडी. त्यांनी लावलं बोट तर काय बिघडत न्हाई."

12 जुलै, शनिवार

अण्णांचं गेट आलं. वेल्डिंग देखणं आहे, पण रीडर स्टीलच्या पत्र्यामागे बसवला होता आणि फोन अगदी टेकवला तरी ओळखेना. धातूत शेत मरतं. अण्णांना म्हटलं, इथे तळहाताएवढी खिडकी कापा आणि त्यावर ॲक्रिलिक बसवा. "आधी सांगायचं न्हवं," म्हणाले, पण तासाभरात कापून दिली. अँटिना आणि आतला पत्रा यांच्या मधे फेराइटची चकती घातल्यावर तीन बोटं अंतरावरून चालायला लागलं.

दुसरी अडचण एका पोराच्या फोनमुळे कळली. त्याच्या कव्हरच्या कप्प्यात मेट्रोचं कार्ड होतं. रीडरला फोन आणि कार्ड दोन्ही एकदम दिसले आणि तो कधी याच्याशी बोले, कधी त्याच्याशी. आता नियम केलाय की दोन उत्तरं आली तर कुणाशीच बोलायचं नाही, तांबडा दिवा लावायचा आणि पाटीवर "कव्हरमधलं कार्ड काढा" असं दाखवायचं. पैशाचा प्रश्न असताना अंदाजानं एक निवडायचं नाही.

19 जुलै, शनिवार

खानावळीत पहिली चाचणी, दुपारच्या जेवणाला. वीस पोरं, वीस फोन.

सतरा फोन कुलूप न उघडता चालले. उरलेल्या तिघांची कारणं वेगवेगळी निघाली. एकाचा फोन अँड्रॉइड 11 चा, स्क्रीन काळी असताना गप्प. बटण दाबून उजळवली की चाललं. दुसऱ्याच्या फोनच्या सेटिंगमध्ये एनएफसीसाठी फोन उघडायची सक्ती चालू होती. ती त्यानं मुद्दाम लावली होती, तशीच राहू दिली, तो बोट लावून जेवेल. तिसऱ्यानं मला बराच वेळ गुंतवलं. ॲप तेच, सेटिंग तेच, फोन नवा, तरी उत्तर नाही. शेवटी विचारलं, सकाळपासून काय काय केलंस? "काही नाही काका, फोन अडकला म्हणून आत्ता रीस्टार्ट केला." रीस्टार्टनंतर एकदा तरी कुलूप उघडेपर्यंत ॲपची साठवण बंदच असते, आणि आपली किल्ली तिथेच आहे. त्यानं पिन टाकला, फोन पुन्हा कुलूपबंद केला, लावला, गेट फिरलं.

पाटीवर तीन ओळी वाढवल्या: स्क्रीन उजळा, रीस्टार्ट केला असेल तर एकदा उघडा, कव्हरमधलं कार्ड काढा.

ताट डाव्या हातात आणि फोन उजव्या हातात घेऊन एक पोरगं न थांबता आत गेलं. सागर मोबाइलवर वेळ मोजत होता. फोन टेकल्यापासून दांडी सुटेपर्यंत अर्ध्या सेकंदाच्या आत.

सोमवारी दर पाठवायचा. त्यात कुलूपबंद फोनवर फक्त हजेरी, पैसे कापले जाणार नाहीत, असं स्वच्छ लिहायचं.